नोव्हेंबर 2024: सत्रांची संख्या बरोबर, तारखा चुकीच्या. भावांच्या एका डॅशबोर्डचे प्रकरण

हे प्रकरण पुण्यातील एका गुंतवणूक सल्ला कार्यालयातील डॅशबोर्डचे आहे. त्यावर राष्ट्रीय शेअर बाजारातील सुमारे दोनशे शेअर, निफ्टी 50 निर्देशांक आणि न्यूयॉर्कमध्ये नोंदलेले काही भारतीय कंपन्यांचे एडीआर यांचे भाव दिसत. रोज सायंकाळी साडेसहाला एक स्क्रिप्ट चाले, भाव पुरवणाऱ्या सेवेकडून ‘शेवटचा उपलब्ध भाव’ मागवी, त्याला त्या दिवसाची तारीख लावी आणि तो तक्त्यात साठवी. सुट्ट्यांसाठी वर्षाच्या सुरुवातीला बाजाराच्या परिपत्रकावरून एक यादी भरलेली होती. यादीत तारीख असली तर स्क्रिप्ट काहीच न करता थांबे, आणि शनिवार-रविवारी ती मुळात चालतच नसे.

```
30 18 * * 1-5  /opt/prices/refresh.sh
```

ही रचना अनेक ठिकाणी आढळते आणि वर्षातील बहुतेक दिवस ती अगदी योग्य आकडे दाखवते. तिच्यातील दोष उघड झाला तो नोव्हेंबर 2024 मध्ये. त्या एका महिन्यात मुहूर्त ट्रेडिंग, आधी जाहीर असलेली सुट्टी, ऐनवेळी जाहीर झालेली सुट्टी आणि अमेरिकेतील अर्धा दिवस असे सगळे प्रकार एकापाठोपाठ आले.

लक्षण

सोमवार, 4 नोव्हेंबरला निफ्टी 23,995.35 वर बंद झाला. डॅशबोर्डवर घसरण 210 अंकांची, म्हणजे 0.87 टक्क्यांची दिसत होती, तर सर्व वृत्तवाहिन्यांवर तीच घसरण 309 अंकांची, म्हणजे 1.27 टक्क्यांची होती. बंद भाव दोन्हीकडे एकच असल्यामुळे संशय सरळ मागील बंद भावावर गेला. डॅशबोर्डच्या दृष्टीने मागील बंद भाव गुरुवार, 31 ऑक्टोबरचा, म्हणजे 24,205.35 होता. प्रत्यक्षात शुक्रवार, 1 नोव्हेंबरला लक्ष्मीपूजनानिमित्त संध्याकाळी सहा ते सात या वेळेत मुहूर्त ट्रेडिंग झाले होते आणि त्यात निफ्टी 99 अंकांनी वाढून 24,304.35 वर बंद झाला होता. मुहूर्ताचे सत्र एका तासाचे असले तरी त्यातील सौदे खरे असतात, ते रीतसर पूर्ण होतात आणि त्या सत्राचा बंद भाव हाच पुढच्या सत्रासाठी मागील बंद भाव ठरतो.

सुट्टीच्या यादीत 1 नोव्हेंबर होता, कारण बाजाराच्या परिपत्रकात तो दिवस सुट्ट्यांमध्येच छापलेला असतो आणि मुहूर्त ट्रेडिंगचा उल्लेख खाली टीप म्हणून येतो; वेळही नंतर स्वतंत्र परिपत्रकाने कळवली जाते. यादी भरणाऱ्याने तक्ता उतरवून घेतला आणि टीप मागे राहिली. परंतु हा दिवस यादीतून नुसता वगळला असता, तरी उत्तर बरोबर आले नसते, आणि ही गोष्ट मला या प्रकरणात विशेष लक्षात घेण्याजोगी वाटते. स्क्रिप्ट साडेसहाला चालते, म्हणजे ती मुहूर्ताच्या सत्राच्या बरोबर मध्यावर चालली असती आणि सौदे चालू असतानाचा एक भाव ‘बंद भाव’ म्हणून साठवला गेला असता. तो आकडा खऱ्या बंद भावाच्या जवळचा असल्यामुळे चूक लक्षातही आली नसती. गहाळ झालेला दिवस कधीतरी दिसतो; किंचित चुकीचा दिवस वर्षानुवर्षे तसाच राहतो.

दुसरी चूक आणि जुळलेली बेरीज

महिनाअखेरीस तपासणीसाठी एक साधा नियम होता: त्या महिन्यातील सत्रांची संख्या आणि तक्त्यातील प्रत्येक शेअरच्या ओळींची संख्या सारखी असली पाहिजे. नोव्हेंबर 2024 मध्ये सोमवार ते शुक्रवार असे 21 दिवस होते. त्यांपैकी 15 तारखेला गुरुनानक जयंतीची सुट्टी होती आणि 20 तारखेला महाराष्ट्र विधानसभेच्या मतदानामुळे बाजार बंद होता, म्हणून मुहूर्त धरून 19 सत्रे झाली. तक्त्यातही 19 ओळी होत्या आणि तपासणी निर्विघ्न पार पडली.

ती पार पडली, कारण एक ओळ कमी होती आणि एक जास्त. मतदानाची सुट्टी वर्षाच्या सुरुवातीच्या यादीत असणे शक्यच नव्हते. निवडणुकीचा कार्यक्रम ठरल्यावर राज्य शासन सार्वजनिक सुट्टी घोषित करते आणि त्यानंतर शेअर बाजार आपले परिपत्रक काढतात. मुंबईतील बाजारांच्या बाबतीत हे वारंवार घडते. 20 मे 2024 ला लोकसभेसाठी मुंबईत मतदान असल्याने बाजार बंद होता. 2023 मध्ये बकरी ईदची सुट्टी 28 जूनवरून 29 जूनवर नेली गेली. 22 जानेवारी 2024 ची सुट्टी जाहीर झाली तेव्हा तर मधे जेमतेम एक शनिवार-रविवार होता आणि त्यातल्या शनिवारी, 20 जानेवारीला, बाजार चालू होता. डिसेंबरमध्ये भरलेली यादी पुढील डिसेंबरपर्यंत टिकेल हे गृहीतकच धरण्यासारखे नाही.

20 नोव्हेंबरला स्क्रिप्ट नेहमीप्रमाणे चालली. भाव पुरवणाऱ्या सेवेने तिला कोणतीही त्रुटी कळवली नाही, कारण तिच्या बाजूने काहीच बिघडले नव्हते. शेवटचा उपलब्ध भाव मागितला होता आणि तो 19 तारखेचा होता, तो तिने दिला. स्क्रिप्टने त्याला 20 तारीख लावली. अशा रीतीने निफ्टीचा 23,518.50 हा बंद भाव तक्त्यात दोनदा आला, पहिल्यांदा खरा आणि दुसऱ्यांदा कधीही न झालेल्या सत्राचा.

या खोट्या ओळीचे वैशिष्ट्य असे, की ती दैनंदिन बदलाच्या रकान्यात लपून राहते. 21 तारखेला निफ्टी 168.60 अंकांनी घसरून 23,349.90 वर बंद झाला आणि डॅशबोर्डनेही नेमके तेवढेच दाखवले, कारण खोट्या 20 तारखेचा भाव आणि खऱ्या 19 तारखेचा भाव एकच होते. परिणाम दिसतो तो इतरत्र. 19 तारखेची उलाढाल महिन्याच्या बेरजेत दोनदा धरली जाते, वीस सत्रांच्या चलसरासरीतून एक खरे सत्र वेळेआधी बाहेर ढकलले जाते, आणि चढउताराचे प्रमाण मोजताना शून्य बदलाचा एक दिवस मिसळल्यामुळे ते प्रत्यक्षापेक्षा कमी भरते. ज्या कार्यालयात याच प्रमाणावरून ग्राहकाच्या जोखमीची पातळी सांगितली जाते, तेथे ही चूक किरकोळ म्हणता येणार नाही.

तिची खूण मात्र सहज सापडते. एखाद्या शेअरचा बंद भाव सलग दोन दिवस सारखा राहू शकतो, पण बंद भाव आणि व्यवहार झालेल्या शेअरची संख्या हे दोन्ही आकडे सलग दोन सत्रांत जसेच्या तसे यावेत, आणि तेही निम्म्याहून अधिक शेअरच्या बाबतीत, असे खऱ्या बाजारात घडत नाही. जुन्या साठ्यातील अशा ओळी शोधण्यासाठी पुढील चौकशी पुरेशी ठरली.

```sql
SELECT trade_date,
       avg((close = pc AND volume = pv)::int) AS same_share
FROM (
  SELECT trade_date, close, volume,
         lag(close)  OVER w AS pc,
         lag(volume) OVER w AS pv
  FROM prices
  WINDOW w AS (PARTITION BY symbol ORDER BY trade_date)
) t
WHERE volume > 0
GROUP BY trade_date
HAVING avg((close = pc AND volume = pv)::int) > 0.5;
```

तारीख कोणी ठरवायची

दोन्ही चुकांचे मूळ एकच होते: भावाची तारीख भावाबरोबर आलेली नव्हती, ती संगणकाच्या घड्याळावरून लावलेली होती. म्हणून पहिला बदल असा केला, की दिवसअखेरचा बंद भाव सेवेच्या ‘शेवटच्या भावा’वरून घ्यायचा नाही, तर बाजार स्वतः प्रसिद्ध करतो त्या भावकॉपीवरून, म्हणजे त्या दिवसाच्या सर्व शेअरच्या भावांच्या फाइलवरून, घ्यायचा. जुलै 2024 पासून राष्ट्रीय शेअर बाजाराची भावकॉपी नव्या स्वरूपात येते. तिच्या नावात तारीख असते आणि प्रत्येक ओळीत `TradDt` हा रकाना असतो. निर्देशांकांसाठी वेगळी फाइल असते.

```
BhavCopy_NSE_CM_0_0_0_20241101_F_0000.csv.zip
ind_close_all_01112024.csv
```

फाइलच्या आतील तारीख हीच भावाची तारीख. स्क्रिप्ट कधी चालली याची नोंद वेगळ्या रकान्यात राहते आणि दोन्ही गोष्टी पडद्यावर वेगवेगळ्या दिसतात: ‘भाव 19 नोव्हेंबरचा, तपासणी 20 नोव्हेंबर, सायं. 6.30’. पूर्वी डॅशबोर्डच्या कोपऱ्यात नुसते ‘अद्ययावत: आज’ असे लिहिलेले असे. ते खोटे नव्हते, परंतु वाचणाऱ्याला त्यातून भाव आजचा आहे असेच वाटे.

दुसरा बदल म्हणजे प्रत्येक फाइलचा आधीच्या फाइलशी सांधा जुळतो की नाही हे पाहणे. भावकॉपीत `ClsPric` च्या जोडीला `PrvsClsgPric` म्हणजे मागील बंद भाव असतो आणि निर्देशांकांच्या फाइलमध्ये `Points Change`. 4 नोव्हेंबरच्या फाइलमध्ये निफ्टीचा बंद 23,995.35 आणि बदल −309.00 आहे, म्हणजे बाजाराच्या हिशेबाने मागील बंद 24,304.35 होता. तक्त्यातील शेवटचा आकडा 24,205.35 असेल, तर मधे एक सत्र सुटले आहे हे सुट्ट्यांची कोणतीही यादी न पाहता कळते. एकेकट्या शेअरवर ही कसोटी लावताना मात्र जपावे लागते. त्याच दिवाळीच्या आठवड्यात, 28 ऑक्टोबरला, रिलायन्सचा शेअर एकास एक बोनससाठी समायोजित होऊन व्यवहारात आला आणि भाव निम्म्यावर आला; अशा दिवशी सांधा न जुळणे हा दोष नसतो. म्हणून नियम असा ठेवला, की बहुसंख्य शेअरमध्ये फरक दिसला तर सत्र सुटले आहे असे मानायचे आणि एखाद्या-दुसऱ्यात दिसला तर बोनस, विभाजन यांसारखे कारण तपासायचे.

सुट्ट्यांच्या यादीऐवजी सत्रांचा तक्ता

यादी पूर्णपणे टाकून देता येत नाही, कारण फाइल आली नाही तर ती येणार होती की नाही हे कशावरून तरी ठरवावेच लागते. पण ‘या तारखांना बाजार बंद’ अशी यादी ठेवण्याऐवजी ‘या तारखेला, या वेळेपासून या वेळेपर्यंत बाजार चालू’ असा तक्ता ठेवला.

```
market  session_date  open_at  close_at  kind
NSE     2024-03-02    09:15    10:00     special
NSE     2024-03-02    11:30    12:30     special
NSE     2024-10-31    09:15    15:30     regular
NSE     2024-11-01    18:00    19:00     muhurat
NYSE    2024-11-29    09:30    13:00     early_close
```

यातील पहिल्या दोन ओळी मुद्दाम दिल्या आहेत. 2 मार्च 2024 हा शनिवार होता आणि आपत्कालीन पर्यायी यंत्रणेच्या चाचणीसाठी बाजाराने त्या दिवशी दोन छोटी सत्रे घेतली. एका तारखेला एकच सत्र असते असे धरून तक्त्याची किल्ली तारखेवर बांधली, तर दुसरी ओळ बसतच नाही. नियोजित वेळही अंतिम मानता येत नाही: 24 फेब्रुवारी 2021 ला तांत्रिक बिघाडामुळे राष्ट्रीय शेअर बाजारातील व्यवहार सकाळी 11.40 ला थांबले, दुपारी 3.45 ला पुन्हा सुरू झाले आणि 5 वाजता बंद झाले. म्हणून `close_at` चा उपयोग एवढाच, की त्याआधी बंद भाव स्वीकारायचा नाही. सत्र खरोखर संपल्याचा पुरावा भावकॉपीच असतो.

स्क्रिप्ट आता आठवड्याचे सातही दिवस चालते आणि सायंकाळपासून रात्रीपर्यंत दर अर्ध्या तासाने फाइल शोधते. तक्ता बंद म्हणत असताना त्या तारखेची फाइल मिळाली, तर ती स्वीकारली जाते आणि तक्ता दुरुस्त करण्याची सूचना निघते. तक्ता चालू म्हणत असताना रात्री साडेनऊपर्यंत फाइल आली नाही, तर डॅशबोर्ड आदल्या सत्राचा भाव त्याच्या खऱ्या तारखेसह दाखवतो आणि एका माणसाला संदेश जातो. त्या माणसाने बाजाराचे परिपत्रक पाहून सुट्टी आहे की माहिती अडकली आहे हे नोंदवायचे असते. हा निर्णय यंत्रावर सोपवलेला नाही आणि तो सोपवू नये असे माझे मत आहे, कारण दोन्ही प्रसंगी यंत्राला दिसते ते एकच: फाइल नाही.

न्यूयॉर्कच्या बाबतीत भर घड्याळावर होता. तेथील बाजार एरवी दुपारी 4 वाजता बंद होतो. थँक्सगिव्हिंगला, म्हणजे 28 नोव्हेंबरला, तो बंद होता आणि 29 ला दुपारी 1 वाजताच, म्हणजे भारतीय वेळेनुसार रात्री साडेअकराला, थांबला. जुना नियम रात्री अडीचपर्यंत ताज्या भावाची अपेक्षा करत असल्यामुळे तीन तास ‘भाव येत नाहीत’ असे इशारे येत राहिले. शिवाय 3 नोव्हेंबरला अमेरिकेची उन्हाळी वेळ संपली होती आणि त्याआधी हीच नेहमीची बंद होण्याची वेळ आपल्याकडे दीडची होती. म्हणून त्या बाजाराच्या वेळा `America/New_York` या विभागातच साठवल्या आणि भारतीय वेळ दाखवताना काढली.

सत्र झाले, पण सौदा झाला नाही

एवढे झाल्यावरही तक्त्यात रिकाम्या जागा उरल्या आणि त्या वेगळ्या जातीच्या होत्या. लहान कंपन्यांच्या शेअरमध्ये काही दिवस एकही सौदा होत नाही आणि अशा दिवशी त्या शेअरची ओळ भावकॉपीत असेलच असे धरता येत नाही. जुन्या डॅशबोर्डने या जागाही आदल्या भावाने भरल्या होत्या आणि आदल्या दिवसाची उलाढालही सोबत उचलली होती.

येथे तीन अवस्था वेगळ्या ठेवाव्या लागतात, कारण प्रत्येकीचे गणित वेगळे आहे. बाजारच बंद असेल तर तो दिवस भाजकात धरायचा नाही. बाजार चालू होता आणि सौदा झाला नाही, तर तो दिवस भाजकात धरायचा आणि उलाढाल शून्य मानायची. बाजार चालू होता पण फाइल मिळाली नाही, तर सरासरी काढायचीच नाही, जागा रिकामी ठेवायची. समजा, वीस सत्रांपैकी बारा सत्रांत मिळून एखाद्या कंपनीच्या 2,400 शेअरचे सौदे झाले. सौदा न झालेले आठ दिवस वगळले तर रोजची सरासरी 200 येते आणि ते धरले तर 120. ग्राहकाला 600 शेअर विकायचे असतील, तर बाजारातील सगळी उलाढाल एकट्याच्या वाट्याला आली असे मानूनही पहिला आकडा तीन दिवस सांगतो आणि दुसरा पाच. सल्ला देणाऱ्याला दुसराच आकडा हवा असतो.

भाव मात्र पडद्यावर रिकामा ठेवला नाही. शेवटच्या सौद्याचा भाव फिकट रंगात, त्या सौद्याच्या तारखेसह दिसतो. हा पुढे ओढलेला भाव मूळ तक्त्यात कधीच लिहिला जात नाही. तो दाखवताना काढला जातो. मूळ तक्त्यात लिहिला, तर काही महिन्यांनी खरा भाव कोणता आणि ओढलेला कोणता हे सांगण्याचे साधन उरत नाही. सलग दहा सत्रे सौदा झाला नाही, तर व्यवहार स्थगित झाले आहेत का किंवा चिन्ह बदलले आहे का, हे माणसाने पाहावे अशी नोंद येते. मुहूर्ताच्या तासाभराच्या उलाढालीला ‘असाधारण घट’ या इशाऱ्यातून वगळले आहे. त्या सत्राचा भाव पूर्ण ग्राह्य आहे, पण त्याच्या उलाढालीची तुलना सव्वासहा तासांच्या सत्राशी करण्यात अर्थ नाही.

दुरुस्ती आणि पहिली परीक्षा

मागील साठ्यात 20 नोव्हेंबरची ओळ काढली, 1 नोव्हेंबरची भावकॉपीवरून भरली आणि वरील चौकशीत सापडलेल्या जुन्या तारखांचेही तसेच केले. ओळींची संख्या नोव्हेंबरसाठी 19 च राहिली. महिनाअखेरची तपासणी आता संख्येऐवजी तारखा जोडीने ताडून पाहते.

नव्या रचनेची खरी परीक्षा 1 फेब्रुवारी 2025 ला झाली. तो शनिवार होता आणि अर्थसंकल्पामुळे बाजार पूर्ण वेळ चालू होता. निफ्टी 23,482.15 वर बंद झाला, फाइल आली, तारीख बरोबर लागली आणि सोमवारची 121.10 अंकांची घसरण बाजाराच्या आकड्याशी तंतोतंत जुळली. चुकला तो साप्ताहिक आलेख. तो `resample("W-FRI")` वर बांधलेला होता, म्हणजे आठवडा शुक्रवारी संपवणारा, आणि त्यामुळे शनिवारचे सत्र 7 फेब्रुवारीला संपणाऱ्या आठवड्यात जाऊन बसले. आठवडा रविवारी संपवणारा `W-SUN` वापरल्यावर ते आपल्या आठवड्यात आले, आणि 12 नोव्हेंबर 2023 चे, रविवारी झालेले मुहूर्ताचे सत्रही त्याच बदलाने जागेवर बसले.